एक ट्रान्सफॉर्मर गेल्यावर उरलेले दोन सारखे का तापतात: ओपन डेल्टाचा हिशेब

तक्रार साधारण अशी असते. तीन सिंगल फेज ट्रान्सफॉर्मरची डेल्टा-डेल्टा बँक आहे, त्यातला एक जळतो. काम थांबवून चालणार नसतं, म्हणून जळालेला काढून उरलेल्या दोनांवर ओपन डेल्टा करून सप्लाय चालू केला जातो. पॅनेलवर तिन्ही व्होल्टेज दिसतात, मोटारी बरोबर दिशेने फिरतात, सगळे निश्चिंत होतात. मग काही दिवसांतच उरलेल्यांपैकी एकाच्या टाकीला हात लावता येत नाही, गॅस्केटमधून तेल पाझरायला लागतं, किंवा एखाद्या मोटारीचा ओव्हरलोड रिले रोज दुपारी पडतो. रिले रीसेट केला की थोडा वेळ चालतं, पुन्हा तेच. याच अवस्थेत रेटलं तर दुसरा ट्रान्सफॉर्मरही जातो, आणि मग तिसऱ्याचा काहीच उपयोग उरत नाही.

या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच समजूत असते: तीनातला एक गेला, म्हणजे दोन तृतीयांश क्षमता शिल्लक आहे. तेवढी नसते. मूळ बँकेच्या ५७.७ टक्केच उरते. ६६.७ आणि ५७.७ यांतला हा फरक ट्रान्सफॉर्मर जाळायला पुरतो.

क्षमता इतकी का घटते

आकड्यांवर बोलू. नदीकाठच्या एका उपसा सिंचन योजनेचं पंपगृह घ्या. ११ केव्ही ते ४१५ व्होल्ट, प्रत्येकी १०० केव्हीएचे तीन सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर, दोन्ही बाजू डेल्टा. लोड फक्त मोटारींचा, दिवाबत्तीला वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर. एका ट्रान्सफॉर्मरच्या एलटी वाइंडिंगचा पूर्ण करंट होतो १००००० भागिले ४१५, म्हणजे २४१ अँपिअर.

डेल्टा पूर्ण असताना प्रत्येक लाइनला दोन वाइंडिंगमधून करंट मिळतो. त्या दोन करंटमध्ये फेजचा फरक असल्यामुळे लाइनला दुप्पट नाही, पण १.७३२ पट मिळतात, म्हणजे ४१७ अँपिअर. त्यावरून बँकेची क्षमता ३०० केव्हीए.

आता बी आणि आर यांच्यामधला ट्रान्सफॉर्मर काढला. आर लाइन आता फक्त आर-वाय ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला आहे. त्या लाइनमधून जो करंट जाईल तोच सगळा त्या वाइंडिंगमधून जाणार, वाटून घ्यायला दुसरं कुणी नाही. बी लाइनचं वाय-बी ट्रान्सफॉर्मरशी तसंच. म्हणून लाइन करंटची मर्यादा आता २४१ अँपिअर.

```
√3 × 415 × 241 / 1000 = 173 kVA
173 / 300 = 0.577
173 / 200 = 0.866
```

शेवटची ओळही लक्षात ठेवा. दोन ट्रान्सफॉर्मर मिळून २०० केव्हीएचे आहेत, तरी त्यांच्याकडून १७३ च घेता येतात. दोघांची मिळून जी क्षमता नेमप्लेटवर लिहिली आहे, तीसुद्धा पूर्ण वापरता येत नाही.

आणि ज्यावरून तापण्याचा अंदाज येतो ती गोष्ट अशी. लोड तोच ठेवला तर प्रत्येक उरलेल्या वाइंडिंगचा करंट १.७३२ पट होतो, म्हणजे तिच्यातला कॉपर लॉस तिप्पट होतो. काल थंड वाटणारा ट्रान्सफॉर्मर आज त्याच लोडवर गरम का, याचं उत्तर एवढंच आहे.

अँमीटर आणि ब्रेकर दोघेही गप्प का राहतात

पॅनेलवरच्या अँमीटरला लाल खूण असते ती ४१७ अँपिअरच्या हिशेबाने. एलटीचा एमसीसीबी ४०० अँपिअरचा. एचटीचे डीओ फ्यूज निवडलेले असतात ते १५.७५ अँपिअर लाइन करंट धरून. ओपन डेल्टात एचटी वाइंडिंगला सोसणारा करंट आहे ९.०९ अँपिअर, आणि तोच लाइनचा करंट. म्हणजे जुन्या बँकेसाठी लावलेलं सगळं संरक्षण आता दोन्ही ट्रान्सफॉर्मरना पूर्ण क्षमतेच्या पावणेदोन पटीच्या आसपास करंट बिनबोभाट घेऊ देतं. तिन्ही अँमीटरही सारखेच दिसतात, कारण लोड बॅलन्स असेल तर वाय लाइनचा करंटही आर आणि बी इतकाच येतो. पॅनेलसमोर उभं राहून काहीच कळत नाही.

म्हणून ओपन डेल्टा चालू करण्याआधी, नंतर नव्हे, ब्रेकरची सेटिंग २४० अँपिअरवर आणा. इथे एक अडचण येते. थर्मल रिलीजच्या पुष्कळशा ४०० अँपिअर एमसीसीबीची सेटिंग ०.८ च्या खाली जात नाही, म्हणजे ३२० अँपिअर. तसं असेल तर २५० अँपिअरचा एमसीसीबी तात्पुरता बसवा आणि त्याची सेटिंग २४० ला ठेवा. डीओचे फ्यूजही लहान घाला. अँमीटरच्या काचेवर २४० पाशी मार्करने रेघ ओढून ठेवा. रात्रपाळीच्या ऑपरेटरला ती रेघच उपयोगी पडते.

पंपांचा हिशेब

या पंपगृहात ५० एचपीचे चार पंप आहेत. प्रत्येक मोटार लाइनमधून ४० किलोवॅट घेते, पॉवर फॅक्टर ०.८, म्हणजे ५० केव्हीए आणि सुमारे ७० अँपिअर. चारही चालले की २०० केव्हीए, २७८ अँपिअर.

पूर्ण डेल्टात हा लोड दोन तृतीयांश होता, वाइंडिंगमधून १६१ अँपिअर, ट्रान्सफॉर्मर आरामात. दोन तृतीयांशाची समजूत धरली तर ओपन डेल्टावरही चार पंप बसतात, अगदी काठोकाठ. प्रत्यक्षात दोन्ही वाइंडिंगवर २७८ अँपिअर, म्हणजे ११५ टक्के लोड आणि कॉपर लॉस पूर्ण लोडच्या १.३३ पट. थंडीत, काही तासांपुरतं, आधी ट्रान्सफॉर्मर थंड असेल तर तेलाचा ट्रान्सफॉर्मर एवढं सोसतो. एप्रिलमध्ये, उन्हात, सलग आठ तास पंप चालवायचे असतील तेव्हा नाही. वाइंडिंगच्या सर्वांत गरम जागी तापमान ६ अंशांनी वाढलं की साध्या कागदी इन्सुलेशनचं आयुष्य झिजण्याचा वेग दुप्पट होतो. ते नुकसान त्या दिवशी दिसत नाही, काही दिवसांनी दिसतं.

तीन पंप चालवले तर १५० केव्हीए, २०९ अँपिअर. हे बसतं.

चौथा पंप हवाच असेल तर कपॅसिटरकडे बघा. ट्रान्सफॉर्मरला किलोवॅटने नाही, अँपिअरने त्रास होतो. १६० किलोवॅटचा लोड ०.८ वरून ०.९५ पॉवर फॅक्टरवर नेला तर केव्हीए २०० वरून १६८ वर येतात आणि करंट २३४ अँपिअर होतो. त्यासाठी साधारण ६७ केव्हीएआर कपॅसिटर लागतात. बऱ्याच पंपगृहांत कपॅसिटर बसवलेले असतात, पण निम्मे फुगलेले किंवा फ्यूज उडालेले असतात. ओपन डेल्टाच्या काळात ते आधी दुरुस्त करा. तरीसुद्धा माझं मत असं की २४१ च्या मर्यादेवर २३४ ने दिवसभर चालू नये. तीन पंप आणि कपॅसिटर चालू, चौथा आळीपाळीने विश्रांतीला, ही या बँकेसाठी सुरक्षित रचना आहे. पंप सुरू करताना दोनांमध्ये पुरेसा वेळ जाऊ द्या, एकदम दोन स्टार्टर दाबू नका.

मोटारीचा रिले का पडतो

ट्रान्सफॉर्मर मर्यादेत असूनही मोटार ट्रिप होते, अशी तक्रार असेल तर कारण व्होल्टेजच्या असमतोलात शोधा.

ओपन डेल्टात दोन ट्रान्सफॉर्मरमधून करंट सारखा जातो, पण दोघांचा पॉवर फॅक्टर सारखा नसतो. लोडचा कोन φ असेल तर एक ट्रान्सफॉर्मर cos(30°+φ) वर चालतो, दुसरा cos(30°−φ) वर. लोड ०.८ वर असेल तर एकाला ०.३९ मिळतो आणि दुसऱ्याला ०.९९. म्हणजे किलोवॅटमधला २८ टक्के वाटा एकाचा आणि ७२ टक्के दुसऱ्याचा. कुणी वेगवेगळं मोजून ‘एक ट्रान्सफॉर्मर लोडच घेत नाही’ म्हणून तो उघडायला निघालं तर थांबवा. तो बिघाड नाही. लोडचा पॉवर फॅक्टर ०.५ पर्यंत उतरला, जसा रिकाम्या फिरणाऱ्या मोटारींवर उतरतो, तर एक ट्रान्सफॉर्मर किलोवॅट शून्य देतो आणि तरी करंटने तापत राहतो.

पॉवर फॅक्टर वेगळा म्हणून दोघांतला व्होल्टेज ड्रॉपही वेगळा. तिसऱ्या बाजूला तर ट्रान्सफॉर्मरच नाही, तिथलं व्होल्टेज म्हणजे दोघांची बेरीज, दोघांचे ड्रॉप पोटात घेऊन. ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स ४ टक्के धरला आणि २४१ अँपिअर ०.८ लॅगिंगवर घेतले, तर नो-लोडचे ४१५ व्होल्ट असे उरतात: आर-वाय सुमारे ३९८, वाय-बी ४०७, बी-आर ३९१. सरासरी जवळपास ३९९, त्यापासून सर्वांत दूर असलेलं व्होल्टेज ८ व्होल्टने दूर. असमतोल दोन टक्क्यांचा.

दोन टक्के ऐकायला कमी वाटतात. पण असमतोलामुळे मोटारीत उलट दिशेने फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि त्याच्यासमोर मोटारीचा इम्पिडन्स फार कमी असतो. त्यामुळे व्होल्टेजच्या असमतोलाच्या सहा ते दहा पट असमतोल करंटमध्ये येतो. दोन टक्क्यांवर तीन फेजच्या करंटमध्ये बारा ते वीस टक्क्यांचा फरक दिसू शकतो. रिले ज्या फेजमुळे पडतो ती फेज नेहमी तीच असेल, आणि मोटारीच्या लीड फिरवून पाहिल्यावरही जास्त करंट त्याच सप्लाय लाइनवर राहत असेल, तर दोष मोटारीचा नाही. मात्र लीड फिरवताना तिन्ही एकाच क्रमाने पुढे सरकवा. दोनच अदलाबदल केल्या तर पंप उलटा फिरेल.

यावर उपाय रिलेची सेटिंग वाढवणं हा नव्हे. त्याने रिले गप्प होतो आणि मोटार जळते. दोन टक्के असमतोलावर मोटारीवरचा लोड पाच टक्क्यांनी कमी धरावा, तीन टक्क्यांवर दहा-बारा टक्क्यांनी. पाच टक्क्यांच्या पुढे मोटार चालवूच नये. पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा आवळला की सेंट्रिफ्युगल पंपाचा लोड लगेच उतरतो. बँकेवरचा एकूण लोड कमी केला की असमतोलही त्याच प्रमाणात घटतो.

जळालेला ट्रान्सफॉर्मर खरोखर बाहेर काढा

घाईत होणारी सर्वांत धोकादायक गोष्ट म्हणजे नादुरुस्त युनिटचे एचटी जम्पर तेवढे काढायचे आणि एलटी तसंच ठेवायचं. त्याच्या एलटी वाइंडिंगला उरलेल्या दोघांकडून ४१५ व्होल्ट मिळत राहतात, आणि वाइंडिंग शाबूत असेल तर जम्पर नसलेल्या एचटी बुशिंगवर ११ केव्ही उभे राहतात. वर काहीच जोडलेलं दिसत नाही, म्हणून माणूस हात घालतो.

परमिट घ्या, एलटीचा ब्रेकर उघडून कुलूप लावा, एबी स्विच उघडा, डीओ खाली पाडा, डिस्चार्ज रॉड लावून अर्थ करा. मग नादुरुस्त युनिटची चारही टोकं सोडवा, एकत्र शॉर्ट करून अर्थ करा. उरलेल्या दोघांचं मेगर घेतल्याशिवाय चार्ज करू नका. पहिला ट्रान्सफॉर्मर विजेच्या कडकडाटात गेला असेल तर बाकीच्यांनाही इजा झालेली असू शकते.

नंतर लोड न जोडता एलटी चार्ज करा आणि तिन्ही जोड्यांमध्ये व्होल्टेज मोजा. दोन जोड्या मोजून पुढे जाऊ नका. नुसतं युनिट काढलं असेल तर तिन्हीकडे ४१५ येतील. पण जागा बदलून युनिट सरकवलं असेल आणि त्यात एकाची पोलॅरिटी उलटी झाली असेल, तर दोन ठिकाणी ४१५ आणि ट्रान्सफॉर्मर नसलेल्या बाजूला ७१९ व्होल्ट दिसतील. दोन ठीक पाहून लोड जोडला तर मोटारी तिथल्या तिथे जातात.

तिसरी बाजू ४१५ च्या ऐवजी कमी दाखवत असेल तर फ्यूजकडे बघा. ओपन डेल्टाला वरच्या तिन्ही लाइन लागतात, हे बरेचदा विसरलं जातं. लोड काढून मोजलेलं असेल तर वाचन सरळ सांगतं. सामाईक वाय लाइनचा डीओ उडाला असेल तर बी-आर ४१५ आणि बाकी दोन्ही २०७ च्या आसपास. आर लाइनचा उडाला असेल तर आर-वाय जवळपास शून्य आणि बाकी दोन ४१५. मोटारी चालू ठेवून मोजू नका, फिरती मोटार स्वतः व्होल्टेज दाखवते आणि फसवते.

नकळत झालेलं ओपन डेल्टा

कुणी ओपन डेल्टा केलेलंच नाही, तिन्ही ट्रान्सफॉर्मर जागेवर आहेत, आणि तरी दोन गरम, एक थंड. हे मी दुरुस्तीच्या कामात आवर्जून तपासतो. एका युनिटचा एचटी जम्पर सैल होऊन सुटला किंवा आतून वाइंडिंगची लीड तुटली, तर बँक आपोआप ओपन डेल्टावर जाते. व्होल्टेज तिन्ही येतात, कुणाला काही कळत नाही, आणि लोड पूर्ण तीनशेचा धरला जातो. टाँग टेस्टर प्रत्येक युनिटच्या एलटी लीडवर लावा, लाइनवर नव्हे. दोन युनिटवर करंट भरपूर आणि एकावर नुसता मॅग्नेटायझिंगपुरता, तर निदान झालं. त्या थंड युनिटच्या सुटलेल्या एचटी टोकावर ११ केव्ही आहेत असंच धरून पुढे जा.

हा उपाय कुठे चालत नाही

गावोगावच्या डीपीवर जो ट्रान्सफॉर्मर दिसतो तो एकाच टाकीतला थ्री फेज, एचटी डेल्टा आणि एलटी स्टार असलेला असतो. त्याची एक वाइंडिंग गेली तर ओपन डेल्टा करता येत नाही. एलटी स्टार असल्यामुळे ती फेज न्यूट्रलला मुकते, आणि तिन्ही लिंब एकाच कोअरवर असल्यामुळे जळालेल्या वाइंडिंगच्या शॉर्ट झालेल्या वेढ्यांतून फ्लक्स जातच राहतो. तो ट्रान्सफॉर्मर बदलावाच लागतो.

लोड ५७ टक्क्यांच्या खाली आणता येत नसेल तरीही ओपन डेल्टाच्या वाटेला जाऊ नये. जिथे थोडे दिवस कमी लोडवर भागतं, नवीन किंवा दुरुस्त युनिट येण्याची तारीख ठरलेली आहे, आणि तेलाचं तापमान दर तासाला लिहून ठेवणारा माणूस आहे, तिथे ही व्यवस्था खरोखर कामाची आहे.

तिसरा परत बसवताना

दुरुस्त होऊन आलेल्या युनिटवर टॅप कुठे आहे ते आधी बघा. वर्कशॉपमधून ते बहुधा मधल्या टॅपवर येतं आणि बाकी दोघं वेगळ्या टॅपवर असतात. एचटीची दोन्ही टोकं जोडा, एलटीचं एक टोक जोडा, आणि डेल्टा बंद करणारं शेवटचं टोक मोकळं ठेवून चार्ज करा. त्या मोकळ्या फटीत हजार व्होल्टपर्यंत मोजणारा मीटर लावा. वाचन शून्याजवळ असेल तर जोडायला हरकत नाही. ८३० आलं तर पोलॅरिटी उलटी आहे. जोडलं असतं तर तिन्ही वाइंडिंग एकमेकांवर शॉर्ट झाल्या असत्या.

दहा व्होल्टच्या आसपास आलं तर टॅप एका पायरीने, म्हणजे अडीच टक्क्यांनी, चुकलेला आहे. तसंच जोडलं तरी बँक चालते, पण ४ टक्के इम्पिडन्सच्या तीन वाइंडिंगच्या वर्तुळात सुमारे ५० अँपिअर काही लोड नसतानाही फिरत राहतात. लाइनवरचा कुठलाही अँमीटर ते दाखवत नाही. सप्लाय बंद करून टॅप जुळवा, फटीतलं वाचन पुन्हा घ्या, मग शेवटचं टोक आवळा. आणि ब्रेकरची सेटिंग, डीओचे फ्यूज आणि काचेवरची रेघ त्याच दिवशी पूर्ववत करा, नाहीतर पूर्ण बँक असूनही ब्रेकर २४० वर पडत राहील.